रेडिओवरचं ‘ओळखा पाहू गाणं’: तीन खुणांची स्क्रिप्ट नेमकी कशी लिहितात?

संध्याकाळचे सात वाजलेत. न्हावरा फाट्यावर कुणीतरी गाडी बाजूला घेऊन फोनवर काहीतरी टाइप करतंय. दौंडला घरी पोळ्या लाटता लाटता कुणीतरी मुलाला ओरडून सांगतंय, “अरे लिही, लिही, ते लोहाराचं गाणं आहे!” रेडिओवर निवेदिकेनं तिसरी खूण दिलीये आणि उत्तर द्यायला दहा मिनिटं उरलीत.

ऐकताना वाटतं की ही बाई सहज गप्पा मारतेय. प्रत्यक्षात तिच्यासमोर कागद असतो आणि त्यावरचं जवळपास प्रत्येक वाक्य आधी लिहिलेलं असतं. कोणती खूण आधी, कोणती नंतर, कोणता शब्द चुकूनही तोंडातून जाऊ द्यायचा नाही, हे सगळं ठरलेलं असतं. खुणांचा क्रम चुकला तर पन्नास मिनिटांचा खेळ पहिल्या दोन मिनिटांतच संपतो.

ही स्क्रिप्ट कशी तयार होते ते एकच गाणं हातात घेऊन बघूया. खाली दिलेली स्क्रिप्ट या लेखासाठी लिहिलेला नमुना आहे, गाण्याबद्दलची माहिती मात्र खरी आहे.

आधी एक जुनी गोष्ट

भारतात रेडिओवरच्या गाण्यांच्या स्पर्धेचा विषय निघाला की अमीन सायानींचं नाव येतंच. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली तेव्हा ती टॉपच्या गाण्यांची यादी नव्हती, स्पर्धा होती. सात गाणी वाजवली जायची आणि ती कोणत्या क्रमानं आली, म्हणजे आधी कोणतं आणि नंतर कोणतं, हे श्रोत्यांनी पत्रानं कळवायचं. बक्षीस होतं १०० रुपये. सायानींना या कामाचे आठवड्याला २५ रुपये मिळायचे.

पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजारांच्या आसपास पत्रं आली. नंतर हा आकडा आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रं उघडायची, उत्तरं तपासायची आणि विजेता काढायचा हे आवाक्याबाहेर गेलं. शेवटी स्पर्धा बंद झाली आणि गीतमाला लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी सांगणारा कार्यक्रम झाली. आज आपल्याला आठवते ती हीच गीतमाला.

आजच्या स्क्रिप्टसाठी यातला धडा सरळ आहे. प्रश्न लिहायच्या आधी ‘आलेली उत्तरं आपण तपासणार कशी’ हे ठरवावं लागतं. म्हणून तीन खुणांच्या खेळात उत्तर एकच असतं, ते एका ओळीत मावतं, आणि बरोबर कशाला धरायचं याची यादी कार्यक्रमाआधीच तयार असते.

गाणं कसं निवडतात?

गाणं फार प्रसिद्ध नसेल तर कुणाला ओळखता येणार नाही. पण खूप प्रसिद्ध गाण्याची मजा अशी की ते सगळ्यांना पाठ असतं आणि त्याच्याबद्दलची माहिती मात्र फार थोड्यांना असते. खुणा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत तयार होतात.

आपण घेतलंय ‘ऐरणीच्या देवा तुला’. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या १९६५ च्या सिनेमातलं हे गाणं. सिनेमात जयश्री गडकर आणि सूर्यकांत होते. गीत जगदीश खेबुडकरांचं, आवाज लता मंगेशकरांचा आणि संगीत ‘आनंदघन’ यांचं.

आता आनंदघन कोण? तर खुद्द लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या सिनेमांचं संगीत त्यांनी याच नावानं दिलं. म्हणजे या गाण्यातच एक कोडं आधीपासून लपलेलं आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यासाठी ही आयती मेजवानी.

पहिला मसुदा का फसतो?

नवीन निवेदक बहुतेक वेळा मनात जे आधी येतं ते आधी लिहितो. या गाण्याबाबत आधी लोहार येतो. मग पहिली खूण होते, ‘हे गाणं लोहाराच्या घरातलं आहे.’ झालं! सात वाजून सहा मिनिटांनी फोनवर शेकडो बरोबर उत्तरं. आता सात वीस आणि सात चाळीसच्या खुणा कुणासाठी द्यायच्या?

म्हणून खूण लिहिली की तिच्यापुढे एक प्रश्न विचारायचा: ही खूण ऐकल्यावर किती गाणी शिल्लक राहतात? कागदाच्या उजव्या बाजूला ती गाणी खरोखर लिहून काढायची. पहिल्या खुणेनंतर खूप गाणी उरली पाहिजेत, दुसरीनंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि तिसरीनंतर फक्त एक. गव्हाच्या चाळणीसारखं हे काम आहे, आधी मोठ्या भोकांची, मग बारीक.

आपल्या गाण्याची चाळणी अशी लागते.

पहिली खूण: गाणाऱ्या व्यक्तीनंच चाल बांधलीये. यात सुधीर फडक्यांची कितीतरी गाणी बसतात, गजानन वाटव्यांची बसतात, लताबाईंचीही बसतात. शिल्लक भरपूर.

दुसरी खूण: साल १९६५, आणि संगीतकाराचं नाव टोपणनाव. आता आपण ‘साधी माणसं’पर्यंत आलो. याच सिनेमात लताबाईंनी गायलेली ‘राजाच्या रंगमहाली’ आणि ‘वाट पाहुनी जीव शिणला’ ही गाणीही आहेत. म्हणजे मोजकीच गाणी उरली.

तिसरी खूण: लोहाराची भट्टी. आता एकच.

छान जमलं असं वाटतं ना? पण इथे एक चूक लपलीये.

एका शब्दामुळे होणारा वाद

सुधीर फडक्यांचं मूळ नाव रामचंद्र. ‘सुधीर’ हे त्यांनी नंतर घेतलेलं नाव. बाबूजी स्वतः गायचे आणि चालीही बांधायचे. आता दुसऱ्या खुणेत ‘संगीतकाराचं नाव टोपणनाव आहे’ एवढंच म्हटलं, तर एखादा जाणकार श्रोता बाबूजींचं त्या सुमाराचं गाणं पाठवेल आणि वर म्हणेल, “माझं उत्तर तुमच्या दोन्ही खुणांमध्ये बसतं, मग चूक कसं?” तिसऱ्या खुणेला तो मागे पडेल हे खरं, पण दुसऱ्या खुणेपर्यंतच्या उत्तरांना जास्त गुण देणार असाल तर त्याची तक्रार रास्त आहे.

उपाय म्हणून नवीन माहिती शोधायची गरज नाही, वाक्य बदललं की पुरतं. ‘टोपणनाव’ काढून टाकायचं आणि म्हणायचं: ‘सिनेमाच्या पाट्यांवर गायनासाठी एक नाव आहे आणि संगीतासाठी दुसरं, माणूस मात्र एकच.’ बाबूजी दोन्हीकडे सुधीर फडकेच असतात, त्यामुळे ते आपोआप बाहेर जातात. आनंदघन आणि लता मंगेशकर बरोबर आत राहतात.

खूण तपासायची खरी पद्धत हीच. आपलं उत्तर खुणेत बसतं का हे बघून उपयोग नाही, ते बसणारच. दुसरं कुठलं उत्तर त्यात बसतंय का, हे शोधायचं. स्टेशनमध्ये हे काम सहसा दुसऱ्या माणसाला देतात. त्याला गाणं सांगायचं नाही, फक्त खुणा वाचून दाखवायच्या आणि तो काय काय नावं घेतो ते लिहून घ्यायचं.

किस्सा खूण म्हणून का वापरत नाहीत?

आनंदघन म्हणजे लताबाई हे राज्य चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात उघड झालं, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. संगीताच्या पुरस्कारासाठी आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं आणि लताबाई जागेवरच बसून राहिल्या, अशी ती गोष्ट. ऐकायला भारी आहे, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये घालायचा मोह होतो.

पण किस्से सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. नाव कुणी जाहीर केलं, ती जागेवरून उठली कधी, यावर दोन लोक दोन गोष्टी सांगतील. खुणेत बदलती गोष्ट चालत नाही, कारण श्रोता तिच्यावर उत्तर आणि बक्षीस दोन्ही बेतत असतो. खुणेसाठी साल, सिनेमा, पाटीवरचं नाव, पडद्यावर दिसणारं काम अशाच गोष्टी घ्यायच्या. किस्सा सोडून द्यायचा नाही, तो उत्तर जाहीर झाल्यानंतर सांगायचा. तिथे तो रंगतो आणि कुणाचं बक्षीसही अडत नाही.

शिरूर-दौंडसाठी लिहायचं म्हणजे काय बदलतं?

शिरूर पुण्यापासून रस्त्यानं सुमारे ७० किलोमीटरवर, तर दौंड रेल्वेनं ७५ च्या आसपास. पुण्याचे एफएम इथपर्यंत येईतो आवाज खरखरायला लागतो, गाडी वळली की स्टेशन जातं आणि पुढच्या चढावर परत येतं. पुणे जिल्ह्यात बारामतीला ‘शारदा कृषी वाहिनी’ हे सामुदायिक केंद्र आहे, पण सामुदायिक रेडिओची ताकद साधारण १०० वॉटच्या आत आणि पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. त्यामुळे दौंड-शिरूरचा श्रोता एकतर आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर असतो, नाहीतर खरखर सहन करत एफएमवर, नाहीतर फोनवरच्या ॲपवर.

याचे दोन परिणाम थेट स्क्रिप्टवर होतात.

पहिला, खूण दोनदा म्हणावी लागते आणि दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत म्हणावी लागते. जो शब्द खरखरीत गेला तो तसाच पुन्हा म्हटला तर परत जाऊ शकतो. आकड्यांचा घोळ सगळ्यात जास्त. ‘पासष्ट’, ‘सदुसष्ट’, ‘सत्त्याहत्तर’ हे शब्द अर्धवट ऐकू आले की काहीही वाटू शकतं. म्हणून ‘एकोणीसशे पासष्ट, सहा आणि पाच’ असं म्हणायचं.

दुसरा, ‘पहिलं बरोबर उत्तर जिंकेल’ हा नियम ठेवायचा नाही. इंटरनेटवरून येणारा आवाज रेडिओच्या मागे असतो, कधी काही सेकंद तर कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. म्हणजे ॲपवर ऐकणाऱ्याला खूण ऐकू येईपर्यंत रेडिओवाल्याचा मेसेज पोहोचलेला असतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळेपर्यंत आलेल्या सगळ्या बरोबर उत्तरांमधून चिठ्ठी काढायची. आधी ओळखणाऱ्याला फायदा द्यायचा असेल तर पहिल्या खुणेवर बरोबर असलेल्याच्या तीन चिठ्ठ्या टाकायच्या, दुसऱ्या खुणेवर दोन आणि तिसऱ्या खुणेवर एक. मात्र एका माणसाला एकच उत्तर, नाहीतर लोक दहा गाणी पाठवून ठेवतात.

आता स्क्रिप्ट

थेट कार्यक्रमात शांतपणे बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास मराठी शब्द होतात. दोन गाण्यांमधल्या बोलण्याला रेडिओवाले ‘लिंक’ म्हणतात. एक लिंक अर्ध्या मिनिटात बसवायची, म्हणजे साठेक शब्द. खालच्या दोन तिरक्या रेघा म्हणजे थांबा, एक श्वास.

*७:०५, जिंगल, मागे हलकं संगीत*

“नमस्कार शिरूर, नमस्कार दौंड! सात वाजून पाच मिनिटं झालीत आणि सुरू होतोय आपला खेळ, ओळखा पाहू गाणं. गाणं एक, खुणा तीन. गाण्याचं नाव सांगायचं, सिनेमाचं नाही. // पहिली खूण. हे गाणं ज्यांनी गायलं, चालही त्यांनीच बांधली. // पुन्हा सांगते. गाणारी व्यक्ती आणि चाल बांधणारी व्यक्ती, एकच. // उत्तर व्हॉट्सॲपवर, सोबत नाव आणि गाव. दुसरी खूण सात वीसला.”

*७:२०, छोटी जिंगल*

“आत्ता रेडिओ लावलात? मग ऐका. आपण असं गाणं शोधतोय, जे गाणाऱ्या व्यक्तीनंच चालीत बांधलंय. // दुसरी खूण. सिनेमा एकोणीसशे पासष्टचा. सहा आणि पाच. सिनेमाच्या पाट्यांवर गायनासाठी एक नाव आहे आणि संगीतासाठी दुसरं. माणूस एकच! // म्हणजे साल पासष्ट, नावं दोन, माणूस एक. // ज्यांना सापडलंय त्यांनी शेजारी सांगायचं नाही हं. तिसरी खूण सात चाळीसला.”

*७:४०, छोटी जिंगल*

“गाणारी आणि चाल बांधणारी व्यक्ती एक. साल पासष्ट. पाटीवर नावं दोन. // आता शेवटची खूण. ऊसतोडीच्या आधी कोयत्याला पाणी द्यायला आपण ज्याच्या दारात जातो, त्याच्या कामाच्या जागी हे गाणं घडतं. भाता हलतोय, लोखंड लाल झालंय आणि घरधनीण गातेय. // कोयता, भाता, तापलेलं लोखंड. // उत्तरं सात पन्नासला बंद. गाव लिहायला विसरू नका!”

*७:५२, उत्तर*

“उत्तर आहे, ‘ऐरणीच्या देवा तुला’! सिनेमा ‘साधी माणसं’. आवाज लताबाईंचा आणि संगीतकार आनंदघन, म्हणजे पुन्हा लताबाईच. आजची चिठ्ठी निघालीये...” (इथे पहिलं नाव आणि गाव, एवढंच.) “ऐकूया.”

*गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलणं संपवायचं, आवाज सुरू व्हायच्या आत.*

काय लक्षात आलं?

या स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी मुद्दाम केल्यात.

पहिली म्हणजे ७:५२ पर्यंत ‘गायिका’ हा शब्द कुठेच नाही. पहिल्या खुणेत ‘व्यक्ती’ म्हटलंय. ‘गायिका’ म्हटलं असतं तर बाबूजी आणि वाटवे तिथेच बाद झाले असते आणि चाळणी एकदम बारीक झाली असती. मराठीत क्रियापदसुद्धा बाई की बुवा ते सांगून टाकतं. ‘ती गायली’ आणि ‘तो गायला’ वेगळं ऐकू येतं. म्हणून ‘ज्यांनी गायलं’ अशी रचना वापरली, त्यात काही कळत नाही.

दुसरी म्हणजे तिसऱ्या खुणेत ‘ऐरण’ हा शब्द नाही. गाण्याच्या सुरुवातीच्या ओळीतले शब्द वेगळ्या कागदावर लिहून समोर ठेवायचे आणि त्यातला एकही खुणेत येऊ द्यायचा नाही. लिहिताना हे जमतं, अडचण येते ती थेट कार्यक्रमात. फोनवर एखादा श्रोता हसत हसत म्हणतो, “ताई, ऐरणीचंच ना?” आणि निवेदिका सवयीनं “हो हो” म्हणून जाते. म्हणून या खेळात उत्तराचे फोन थेट प्रसारणात घेत नाहीत. ते आधी रेकॉर्ड करतात आणि ७:५२ नंतर ऐकवतात.

तिसरी गोष्ट, कोयत्याचं उदाहरण. लोहार म्हणून सरळ सांगता आलं असतं. पण ऊसपट्ट्यात कोयत्याला पाणी देणं काय असतं हे माहीत असलेल्या माणसाला या वाक्यात लोहार दिसतो, तर सर्चमध्ये शोधणाऱ्याला आधी विचार करावा लागतो. ही खूण शेजारच्या गावाला सोपी आणि फोनमधल्या सर्चला थोडी अवघड आहे. तीन खुणांपैकी किमान एक अशी असावी.

उत्तरं तपासताना

गाण्याचं नाव पूर्ण लिहिणारे कमीच असतात. कुणी ‘ऐरणीच्या देवा’ लिहितं, कुणी रोमन लिपीत हवं तसं स्पेलिंग करतं, कुणी फक्त ‘ऐरणीचं गाणं’. यातलं काय बरोबर धरायचं ते सात वाजायच्या आधी ठरवून कागदावर लिहायचं. नुसतं ‘साधी माणसं’ लिहिणारा बाद, कारण पहिल्याच लिंकमध्ये ‘सिनेमाचं नाव नाही’ असं सांगितलंय. म्हणूनच ते वाक्य दर वेळी म्हणायचं असतं, रोजच्या श्रोत्यांना कंटाळवाणं वाटलं तरी.

आणि ७:५० पर्यंत एकही बरोबर उत्तर आलं नाही तर? त्यासाठी चौथी खूण खिशात ठेवतात: दोन कडव्यांच्या मधल्या संगीताचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा. सुरुवातीचं संगीत वापरत नाहीत, कारण ते कानावर पडलं की पुढची ओळ लोकांच्या तोंडात आपोआप येते.

ती वापरायची वेळ वारंवार येत असेल तर दोष श्रोत्यांचा नाही. दुसरी आणि तिसरी खूण पुन्हा काढून बघायची, त्यातली एखादी निवेदकाला स्वतःला आवडली म्हणून आलेली असते.